दत्तजयंतीचं तिकीट

दादाचा फोन चार वर्षांनी आला, तोही सकाळी पावणेआठला. आईला काही झालं, एवढंच मनात आलं.

"वंदे, आईचं वय काय घालू? आधारवर एकोणसत्तर येतंय."

"कशात?"

"तिकिटात. दत्तजयंतीला गणपतीपुळ्याला न्यायचं म्हणतोय तिला. ठाण्याहून मांडवीने रत्नागिरी. साठ दिवस आधी मिळतं, आठला उघडेल."

"मग आधारवरचंच घाल. तो एक जून गुरुजींनी शाळेत घातलेला. दत्तजयंतीला सत्तर पूर्ण होतील."

"हं." थोडं थांबून म्हणाला, "तू येशील?"

मी गॅस बारीक केला. "तिच्या गुडघ्यांना डोंगराची प्रदक्षिणा झेपायची नाही."

"प्रदक्षिणा आपण घालू. ती वाळूत खुर्ची टाकून बसेल."

आपण म्हणाला. मला पुढचं सुचेना.

२०२१ च्या जुलैत वाशिष्ठी आमच्या चिपळूणच्या घरात शिरली. पाणी ओसरल्यावर दादा डोंबिवलीहून गेला, चिखल उपसत राहिला. मी नाशिकहून गेले नाही. सासूबाई आजारी होत्या हे खरं. पण एक दिवस तरी जाता आलं असतं, हेही खरं. पुढे घर विकलं, तेव्हा सहीपुरती माझी आठवण झाली. आणि आईचं शिलाई मशीन त्याने मला न विचारता भंगारात दिलं. त्याच मशीनवर तिने माझे परकर-पोलके शिवले होते. त्यावरून मी नको ते बोलले.

"मशीन..." दादाच म्हणाला. "आई त्याच्यापाशी बसून होती गं. चाक फिरवायची, त्यातून चिखल यायचा. पुसायची, परत फिरवायची. दोन दिवस. मला बघवेना. ती झोपली, तेव्हा दिलं."

हे मला कुणीच सांगितलं नव्हतं. आईनेही नाही.

"मी यायला हवं होतं, दादा."

"हो," तो म्हणाला. "हवं होतंस."

त्याने ते झाकलं नाही, म्हणून बरं वाटलं. दूध उतू गेलं तरी मी तिथेच उभी होते.

"आठ वाजले," तो म्हणाला. "आईला खालचा बर्थ. तुझं वय... सत्तेचाळीस. कोजागरीला होशील."

"येताना चिपळूणला उतरायचं?" मी विचारलं. "तिला विचारून. नको म्हणाली तर नको."

पलीकडे बटणं दाबल्याचा आवाज थांबला.

"परवाच म्हणत होती, आपला फणस अजून आहे का बघायला हवं," दादा म्हणाला. "थांब, मग परतीचं उघडेल तेव्हा चिपळूणहून काढतो. तुझा आधार नंबर सांग."

मी पर्स शोधायला आत गेले. फोन कानालाच होता.