माझी आवडती कादंबरी : बनगरवाडी

व्यासपीठावरचे पाहुणे, मुख्याध्यापक सर, सगळे गुरुजन, समोर बसलेल्या आयाबाया, आज्या-आजोबा आणि माझ्या वर्गातल्या मुलामुलींनो, नमस्कार.

माझ्यानंतर आठवीचा गोंधळ आहे आणि पडद्यामागं संबळ तयार आहे, म्हणून जास्त वेळ घेत नाही.

बाईंनी सांगितलं, आवडत्या कादंबरीवर बोल. मी म्हटलं, बनगरवाडी. बाई म्हणाल्या, एवढी पातळ? बाई, खरं सांगते, पातळ आहे म्हणूनच कपाटातून काढली होती.

व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी 1955 साली आली. गदिमा हे त्यांचे थोरले भाऊ. गोष्ट माणदेशातली, औंध संस्थान होतं तेव्हाची. एक तरुण मास्तर, राजाराम त्याचं नाव, पहाटेच्या अंधारात पायी चालत एका धनगरवाडीवर निघालाय. नवी नोकरी. तिथं पोचतो तर शाळा आहे, पण शाळेत पोरं नाहीत. पोरं मेंढरांमागं. शाळेत बसली तर मेंढरं कोण राखणार, असा वाडीचा सरळ हिशोब. मास्तरला वाईट वाटतं, पण तो चिडत नाही. मला तो तिथंच आवडला. वाडीचा म्हातारा कारभारी त्याच्या पाठीशी उभा राहतो आणि हळूहळू एकेक पोरगं यायला लागतं. मग मास्तर नुसता मास्तर राहत नाही. कुणाचं पत्र लिही, कुणाचं तालुक्याचं काम कर, कुणाचं भांडण ऐक. दादू बालट्यासारखा माणूस त्याच्या वाईटावर असतो, आणि आनंदा रामोशी तर चोरच! पण तो पानावर आला की मला बरं वाटायचं, का ते अजून कळलं नाही. सगळी वाडी मिळून तालीम बांधते आणि तिच्या उद्घाटनाला साक्षात राजेसाहेब येतात.

एका प्रसंगापाशी मात्र मी पुस्तक मिटून ठेवलं. शेकू नावाचा गरीब माणूस आहे. पेरणीची वेळ येते आणि त्याच्याकडं एक बैल कमी पडतो. तेव्हा त्याची बायको बैलाच्या जागी स्वतः जुंपून घेते. माडगूळकर तिथं रडारड करत नाहीत. जसं दिसलं तसं सांगतात आणि पुढं जातात.

शहरातल्या वाचकाला हे कदाचित फार जुनं वाटेल. आपल्या धारूर तालुक्यात नाही वाटणार. मुकादम ऊसतोडीची उचल देतो तेव्हा नवरा-बायकोला मिळून एक कोयता धरतो. दोन माणसं, एक कोयता. माझी आई त्या कोयत्याचा अर्धा भाग आहे. ती आणि दादा आत्ता फडात असतील, म्हणून आज माझी आज्जी आलीय. ती बघा, तिसऱ्या रांगेत, हिरवं लुगडं. आज्जी, हात नको करू, मला हसू येतं.

शेवट सांगू नये म्हणतात, पण थोडा सांगते. दुष्काळ पडतो. पाणी नाही, चारा नाही. माणसं मेंढरं घेऊन जगायला बाहेर पडतात. इतक्या कष्टानं भरलेली शाळा पुन्हा रिकामी होते. त्यात कुणाचीच चूक नसते. मास्तरची नसते, पोरांची नसते, आईबापांची तर नसतेच. या कादंबरीचं इंग्रजी भाषांतरही झालंय, त्याचं नाव ‘द व्हिलेज हॅड नो वॉल्स’. म्हणजे गावाला भिंतीच नव्हत्या. मला वाटतं, म्हणूनच माणसं अशी वाऱ्यासारखी निघून जातात.

हे पान मी दिवाळीनंतर वाचलं. आमच्या वर्गातले बाक तेव्हाच रिकामे झाले होते. काही जण हंगामी वसतिगृहात राहिले, काही आज्जीकडं, आणि काही गाडीत बसून गेले. सर हजेरी घेतात तेव्हा त्यांचीही नावं वाचतात, एक क्षण थांबतात आणि पुढचं नाव घेतात. मला आधी वाटायचं, सर उगाच वेळ घालवतात. आता नाही वाटत.

पुस्तक ग्रंथालयात दुसऱ्या कपाटात आहे, वरून तिसरा कप्पा. मी कालच परत केलंय. तुम्ही नंबर लावा, पण पाडव्यापर्यंतच. माझ्या शेजारी बसणारी तेव्हा कारखान्यावरून परत येईल, आणि त्यानंतरचा नंबर मी तिच्या नावानं आधीच लावून ठेवलाय.

धन्यवाद. चला, संबळ वाजू द्या.