गट प्रकल्पाची गुणपत्रिका: आपल्या वस्तीतलं पावसाचं पाणी कुठे जातं?

इयत्ता नववी, भूगोल. पाच जणांचा गट, मुदत सहा आठवडे. एकूण ४० गुण: गटाचे २८, प्रत्येकाचे स्वतःचे १२. काम सुरू करायच्या आधीच हे वाचा, घरीही दाखवा.

२३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि नागनदीकाठच्या घरांत पाणी शिरलं. तुमच्यापैकी काहींनी ते घरात पाहिलंय. तेवढा मोठा पूर शोधायचा नाही. आपल्या ले-आउटमधलं पाणी कोणत्या नालीतून कुठे जातं आणि कुठे अडतं, एवढंच बघायचं.

१. प्रश्न आणि आखणी (४ गुण)
४: प्रश्न एका जागेपुरता आहे, मोजता येतो, कोण काय करणार ते लिहिलंय.
३: प्रश्न नेमका आहे, पण कामाची वाटणी मोघम.
२: प्रश्न फार मोठा. "नागपुरातील पाणी समस्या" हा सहा आठवड्यांत सुटायचा नाही.
०–१: प्रश्नच नाही, फक्त विषयाचं नाव.

२. निरीक्षण आणि मोजमाप (१२ गुण)
सगळ्यात जास्त गुण इथे आहेत, कारण खरं काम इथेच होतं.
११–१२: निदान चार वेगवेगळ्या दिवसांच्या नोंदी, तारीख, वेळ, जागा लिहिलेली. एकच मोजमाप तीनदा घेतलंय. जे बिघडलं तेही लिहिलंय.
८–१०: नोंदी चार दिवसांच्या, पण मोजमाप एकेकदाच, किंवा एखाद्या नोंदीत वेळ, जागा राहून गेली.
५–७: दोन-तीन दिवसांच्याच नोंदी, काही अंदाजाने. अंदाज चालेल, पण "अंदाज" असं लिहा.
०–४: एकाच दिवशी उरकलेलं, किंवा सगळे आकडे संशय यावा इतके गुळगुळीत.

उदाहरण घ्या. नालीकाठी दहा मीटर अंतर मोजून घेतलं, पाण्यात कडुलिंबाचं पान सोडलं (संत्र्याची साल जास्त चांगली दिसली असती, पण पावसाळ्यात संत्रं कुठून आणणार?) आणि वेळ लावली: २१, २४, २२ सेकंद. चौथ्यांदा पान प्लास्टिकच्या पिशवीला अडकलं. ती चौथी नोंद खोडू नका. पाणी कुठे अडतं, हे त्या पिशवीनेच सांगितलं.

पाण्यात उतरायचं नाही, सोबत मोठं माणूस हवं, पाऊस सुरू असताना नागनदीच्या काठावर जायचंच नाही. ज्याला बाहेर जाता येत नाही त्याने नकाशा काढावा, नोंदी मांडाव्यात, घरच्या-शेजारच्या म्हाताऱ्या माणसांना विचारावं. हे काम कमी धरणार नाही.

३. निष्कर्ष (८ गुण)
७–८: प्रत्येक विधानामागे स्वतःची नोंद आहे, आणि आपल्याला काय कळलं नाही तेही सांगितलंय.
५–६: निष्कर्ष बरोबर, पण एखाददुसऱ्या विधानाला नोंदीचा आधार नाही.
३–४: नोंदी एकीकडे, निष्कर्ष दुसरीकडे.
०–२: "सर्वांनी स्वच्छता राखावी" एवढंच.

४. सादरीकरण (४ गुण)
मागे बसलेल्याला ऐकू आलं, नकाशा वाचता आला, पाचही जण बोलले: ४. यातलं एक राहिलं तर ३, दोन राहिले तर २, तिन्ही राहिले तर १. सादरीकरणच केलं नाही तर ०. थर्माकोल, रंगीत प्रिंट, चकाकी यांना शून्य गुण. मागच्या वर्षी एका गटाचं मॉडेल बाजारातून आलं होतं आणि मी भुललो. चूक माझी होती, म्हणून हे वाक्य इथे आहे. हिंदीत किंवा वऱ्हाडीत घेतलेली मुलाखत जशीच्या तशी द्या, भाषेचे गुण कापणार नाही.

५. स्वतःचं काम (१२ गुण)
कामाची वही ६, तोंडी प्रश्न ६. वहीत दर आठवड्याला चार ओळी पुरेत: मी काय केलं, कोणासोबत, काय अडलं. सहा आठवडे, सहा नोंदी, नोंदीला एक गुण. आजारपणात राहिलेली नोंद नंतर लिहिली तरी चालेल. तोंडी तीन प्रश्न, प्रत्येकी दोन गुण. त्यातला एक सोबत्याच्या कामावर असेल, म्हणजे "ते मला माहीत नाही सर, ते तिने केलं" हे उत्तर चालणार नाही.

एकमेकांना गुण द्यायचे नाहीत. मागे दिले तेव्हा सगळ्यांनी सगळ्यांना दहापैकी दहा दिले, आणि एकाला चौघांनी मिळून दोन. त्याऐवजी तिसऱ्या आठवड्यात प्रत्येकाने चिठ्ठी लिहून मला द्यावी: कोणाची मदत झाली, कोणाला काम मिळत नाहीये. चिठ्ठीवर गुण नाहीत. मी गटाला बोलावून वाटणी बदलेन.

गटाचं काम मी आणि विज्ञानाच्या मॅडम वेगवेगळे तपासू. तीनपेक्षा जास्त गुणांचा फरक पडला तर दोघं मिळून पुन्हा वाचू. गुण पटले नाहीत तर आठवड्याच्या आत या, पण या कागदावरची कोणती ओळ तुम्हाला लागू होते ते बोटाने दाखवा.