तिकिटाच्या फोटोतल्या अटी, मराठीत

काकू, तुम्ही पाठवलेल्या फोटोतला बारीक मजकूर उतरवून दिला आहे. तिरप्या अक्षरांतले तिकिटाचे शब्द, बाकीचा खुलासा माझा. तिसऱ्या तिकिटाचा प्रश्न तेवढा आज-उद्यात निकाली काढा.

*शनिवार, २१ नोव्हेंबर २०२६. डी. वाय. पाटील स्टेडियम, नेरूळ. गेट दुपारी ४ वाजता उघडेल. शेवटचा प्रवेश सायंकाळी ७.३०.*

वय

*कार्यक्रमाच्या दिवशी ५ वर्षे पूर्ण नसलेल्या मुलांना प्रवेश नाही, तिकीट असले तरीही. ५ वर्षांवरील प्रत्येकाला स्वतंत्र तिकीट लागेल. १६ वर्षांखालील मुलांसोबत १८ वर्षांवरील, त्याच विभागाचे तिकीट असलेली व्यक्ती असणे बंधनकारक.*

वय मोजायचे ते कार्यक्रमाच्या दिवशीचे. धाकट्याला डिसेंबरमध्ये ५ पूर्ण होतात, म्हणजे त्याला गेटवरूनच परत पाठवतील. तिकीट काढले आहे, मांडीवर बसवू, हे तिथे चालणार नाही. 'तिकीट असले तरीही' हे शब्द त्यासाठीच घातलेत. मोठी १४ वर्षांची आहे, ती तुमच्यासोबत जाऊ शकते, कारण दोघींचा विभाग एकच आहे. तिचे आधार कार्ड आणि तुमचेही, दोन्ही मूळ न्या.

तिकीट दुसऱ्याला देणे

फोटोत घडी नेमकी एका शब्दावरून गेली आहे आणि त्याचा पहिला भाग दिसत नाही. उरलेला भाग 'हस्तांतरणीय' असा वाचता येतो, म्हणजे कुणालाही द्या! पण पुढचेच वाक्य पाहा: *अॅपमधून कार्यक्रमाच्या २४ तास आधी केलेले हस्तांतरण वगळता. परस्पर विकलेले तिकीट रद्द समजले जाईल.* 'वगळता' आहे म्हणजे मूळ शब्द 'अहस्तांतरणीय' असाच असणार, नाहीतर अपवाद कशाला?

याच अपवादाने तुमचे काम होते. धाकट्याचे तिकीट अॅपमधून सूनबाईंच्या मोबाइल नंबरवर पाठवा. मुदत शुक्रवारी दुपारी ४ पर्यंतच धरा. क्यूआर कोडचा स्क्रीनशॉट व्हॉट्सअॅपवर पाठवणे म्हणजे हस्तांतरण नव्हे. कोड एकदाच स्कॅन होतो, दुसऱ्यांदा 'वापरलेले' दाखवतो.

परतावा

*विकलेले तिकीट परत घेतले जाणार नाही, बदलून मिळणार नाही. कार्यक्रम रद्द झाल्यास तिकिटाची मूळ किंमत, ज्या मार्गाने पैसे भरले त्याच मार्गाने, कामाच्या ७ ते १० दिवसांत परत. सुविधा शुल्क परत मिळणार नाही. कार्यक्रम पुढे ढकलल्यास हेच तिकीट नव्या तारखेला चालेल; परतावा हवा असल्यास नवी तारीख जाहीर झाल्यापासून ७ दिवसांत अर्ज करावा.*

'रद्द' आणि 'पुढे ढकलला' हे दोन शब्द वेगळे वाचा, घोटाळा इथेच होतो. रद्द झाला तर पैसे आपोआप येतील. पुढे ढकलला आणि तुम्ही काहीच केले नाही, तर पैसे येणार नाहीत, फक्त तारीख बदलेल. नवी तारीख गैरसोयीची असेल तर ते ७ दिवस चुकवू नका. हे सात दिवस साधे आहेत, सुट्ट्या धरून. वरचे ७ ते १० मात्र कामाचे, त्यात रविवार येत नाही.

तुमची ३ तिकिटे प्रत्येकी २,५०० रुपयांची, म्हणजे ७,५००. वर सुविधा शुल्क आणि त्यावरचा कर मिळून ८८५. रद्द झाल्यास ७,५०० मिळतील, ८८५ गेले. पैसे यूपीआयने भरले असतील तर ते त्याच खात्यात येतील, म्हणून ते खाते बंद करू नका. मुदत उलटूनही पैसे आले नाहीत, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवता येते.

*पाऊस, सरकारी आदेश किंवा आयोजकांच्या हाताबाहेरच्या कारणाने कार्यक्रम लांबल्यास वा छोटा झाल्यास परतावा नाही.* म्हणजे दोन तासांचा कार्यक्रम एका तासात आटोपला तरी पैसे मागता येणार नाहीत.

प्रवेश

*एकदा बाहेर पडल्यास पुन्हा प्रवेश नाही. हातपट्टी फाटल्यास वा काढल्यास ती अवैध.* बाहेरून वडापाव आणून परत आत जाऊ, हे जमणार नाही. हातपट्टी मनगटावर जरा सैल बांधून घ्या, नंतर ती ढिली करता येत नाही.

*पाण्याच्या बाटल्या, पॉवर बँक, छत्री, सेल्फी स्टिक, बाहेरचे खाद्यपदार्थ यांना मनाई. वैद्यकीय चिठ्ठी असल्यास औषधांना परवानगी. सामान ठेवण्याची सोय नाही.* तुमच्या साखरेच्या गोळ्यांसाठी डॉक्टरांची चिठ्ठी पर्समध्ये ठेवा. सोय नसल्याने जप्त झालेली पॉवर बँक परत मिळण्याची आशा धरू नका.

मोबाइल पूर्ण चार्ज करून घ्या आणि तिकीट घरीच अॅपमध्ये उघडून ठेवा. गर्दीत नेटवर्क अडते आणि रांग खोळंबते. ठाण्याहून ट्रान्स-हार्बरची पनवेल लोकल थेट नेरूळला जाते. साडेसहाच्या आत गेटवर पोहोचा, कारण ७.३० ही वेळ स्कॅन होण्याची आहे, रांगेत उभे राहण्याची नव्हे.