नव्या स्वयंसेवकांसाठी : अ‍ॅपमध्ये कोणाला काय करता येतं

रविवारी पहाटे साडेपाचला लॉ कॉलेज चौकात चाळीस सायकली उभ्या असतात. तेव्हा अ‍ॅप शिकवायला कोणालाच सवड नसते, म्हणून हे पान घरूनच वाचून या.

अ‍ॅपमधली भूमिका कामापुरती असते. काम संपलं की तुम्ही पुन्हा साधे सदस्य; यात मान-अपमान काही नाही.

सदस्य राइडला नाव नोंदवतो, नाव काढतो, स्वतःची वर्गणी पाहतो. इतरांचे फोन नंबर त्याला दिसत नाहीत.

स्वयंसेवक, म्हणजे तुम्ही. ज्या राइडवर तुमची नेमणूक आहे, तिचीच यादी उघडते. आदल्या रात्री नऊपासून राइडच्या दिवशी दुपारी बारापर्यंत प्रत्येकाचा आणीबाणीचा नंबरही दिसतो. त्याचा स्क्रीनशॉट काढून ग्रुपवर टाकू नका. नावापुढे तीन बटणं आहेत : ‘आला’, ‘आला नाही’, ‘परतला’. लोक तिसरं विसरतात आणि खरा घोळ तिथेच होतो. मागे एका काकांना शोधत आम्ही फुटाळ्यावर पाऊण तास थांबलो. काका घरी बसून तर्री पोहे खात होते. मधूनच कोणी निघालं, तर तिथल्या तिथे ‘परतला’ दाबा.

राइड रद्द करणं, वेळ बदलणं, सर्वांना सूचना पाठवणं ही कामं समन्वयकाची. मे महिन्यातलं ऊन, अचानक आलेला पाऊस, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबतीच्या मिरवणुकीने अडलेले रस्ते, असं काही दिसलं तर समन्वयकाला फोन करा. दोघांनी दोन वेगळे निरोप दिले की अर्धे लोक चौकात आणि अर्धे अंथरुणात.

खजिनदार वर्गणीची नोंद करतो. एकदा केलेली नोंद त्यालाही पुसता येत नाही. चूक झाली तर उलट नोंद टाकावी लागते आणि ती समन्वयक मंजूर करतो. तुम्ही रोख घेऊ नका, कोणी कितीही गळ घातली तरी. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, हे ज्येष्ठांना आवर्जून सांगा.

अ‍ॅडमिन दोन आहेत. भूमिका देणं, काढणं, फोन हरवल्यास खातं बंद करणं एवढंच त्यांच्याकडे. वर्गणीच्या नोंदी त्यांना करता येत नाहीत; ते मुद्दाम तसं ठेवलंय.

18 वर्षांखालच्या मुलांची नोंदणी पालकाने स्वतःच्या फोनवरून संमती दिल्यावरच पूर्ण होते. ‘दादा, तूच टिक कर ना’ म्हणाले तरी ती खूण तुम्ही करायची नाही.

एखादं बटण दिसत नसेल, तर ते काम तुमच्याकडे नाही असं समजा. दुसऱ्याचा ओटीपी मागून त्याच्या खात्यात शिरू नका. नोंद त्याच्या नावावर पडते आणि उत्तरं त्याला द्यावी लागतात.

शनिवारी संध्याकाळी तुमच्या फोनवर ‘सराव राइड’ दिसेल. त्यातली नावं खोटी आहेत. बिनधास्त चुका करा, पण तिन्ही बटणं एकदा दाबून पाहा.