विषय: तळमजला ते पहिला मजला जिना – ए-०७ आणि एस-०५ मधील तफावत, तसेच स्लॅबच्या विलंबाबाबत

प्रति: जाधव साहेब
प्रत: स्ट्रक्चरल इंजिनियर, मालक
सोबत: एस-०५ रिव्हिजन २, ए-०७ रिव्हिजन ३

दि. १९ नोव्हेंबर

नमस्कार जाधव साहेब,

तुमची १२ तारखेची क्वेरी आणि १७ तारखेचे मुदतवाढीचे पत्र, दोन्ही मिळाले. काल साइटवर तुमच्या इंजिनियरसोबत जिन्याची मापे घेतली. दोन्ही विषयांवर एकत्रच लिहिते, कारण तुमच्या पत्रात ते एकमेकांत मिसळले आहेत आणि ते वेगळे करणे गरजेचे आहे.

आधी जिना. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे, दोन ड्रॉइंग जुळत नाहीत. ए-०७ मध्ये मजल्याची उंची फिनिश ते फिनिश ३१५० मिमी आणि १५० च्या २१ पायऱ्या आहेत. एस-०५ मध्ये उंची ३००० आणि पायऱ्या २०. फॉल्स सीलिंगसाठी मजल्याची उंची १५० ने वाढवली, तेव्हा कॉलम आणि बीमच्या शीट बदलल्या, एस-०५ मात्र जुन्या उंचीवरच राहिली. म्हणूनच तुम्ही लँडिंग बीमचे शटरिंग १५०० ला लावले आणि मागच्या दोन कॉलममधून सोडलेले डॉवेल त्याच्या वर लोंबत राहिले. ते डॉवेल वाकवून खाली न घेता तुमच्या मुलाने काम थांबवून विचारले, हे उत्तम झाले.

निर्णय असा: ए-०७ ची उंची आणि पायऱ्यांची संख्या कायम. पहिल्या फ्लाइटला ११ रायझर, दुसऱ्याला १०, ट्रेड सगळीकडे २७०. मिड-लँडिंगची फिनिश पातळी तळमजल्याच्या फिनिशपासून १६५०. लँडिंगची प्लॅनमधली जागा बदलत नाही. पहिल्या फ्लाइटला एक ट्रेड वाढल्यामुळे सुरुवातीची पायरी लॉबीच्या बाजूला २७० पुढे येते, त्यामुळे तिच्याखालचा काँक्रीटचा बेडही तेवढाच पुढे न्यावा लागेल. पायरी पुढे आल्यावरही लॉबीत १५०० चा मोकळा रस्ता राहतो, तो मी जागेवर टेप लावून पाहिला आहे.

मुकादमांनी सुचवलेला पर्याय, म्हणजे २० पायऱ्याच ठेवून प्रत्येकी १५७.५ घेणे, गणितात बसतो. पण मग लँडिंग १५७५ ला येते, डॉवेल तिथेही जुळत नाहीत, आणि वरच्या मजल्यांचा जिना १५० चाच आहे. एकाच जिन्यात दोन मापांच्या पायऱ्या आल्या की माणूस अडखळतो. तेव्हा तो विषय इथेच संपवू.

आता एक गोष्ट नीट समजावून सांगते, कारण इथे बहुतेक साइटवर घोटाळा होतो. मजल्यांना फिनिशची जाडी ६० आहे, पायऱ्यांना आणि लँडिंगला ४०. म्हणून काँक्रीटमध्ये सगळे रायझर १५० चे काढायचे नाहीत. पहिला रायझर १७०, मधले १९ रायझर १५० चे आणि शेवटचा १३०. लादी बसल्यावर सगळे १५० होतील. सुताराला नुसते “१५० च्या पायऱ्या” सांगितले तर पहिली पायरी शेवटी १३० ची आणि सगळ्यात वरची १७० ची होईल, मग छिन्नी घेऊन बसावे लागेल. लँडिंगच्या काँक्रीटचा माथा कॉलमवर मारलेल्या एक मीटरच्या लेव्हल लाइनपासून ६१० वर यायला हवा. शटरिंग झाल्यावर हे एकच माप तपासले तरी चूक लगेच दिसेल.

सळ्यांचे नुकसान फारसे नाही. पहिल्या फ्लाइटसाठी कापलेल्या सळ्या तिथे आता साधारण ३०० ने आखूड पडतात, पण दुसऱ्या फ्लाइटचे माप तेच असल्याने त्या तिथे वापरता येतील. स्ट्रक्चरल इंजिनियरने हे पाहून एस-०५ रिव्हिजन २ मध्ये तसे लिहून दिले आहे. पहिल्या फ्लाइटच्या सळ्या मात्र नव्या यादीप्रमाणेच कापा. लागलेले शटरिंग खोलण्याआधी माझ्या साइट सुपरवायझरसोबत संयुक्त मोजमाप आणि फोटो घ्या. बेड आणि लँडिंग बीमचे जेवढे काम दुसऱ्यांदा करावे लागेल तेवढे त्या मोजमापावरून बिलात घेऊ. नंतर तोंडी सांगितलेले धरता येणार नाही.

एस-०५ च्या जुन्या प्रती, साइट ऑफिसच्या भिंतीवर चिकटवलेली धरून, आजच काढून टाका. ए-०७ च्या या रिव्हिजनमध्ये जिन्याच्या खिडकीची सिलही ९०० अशी स्पष्ट केली आहे, एलिव्हेशनमधले ७५० धरू नये.

आता विलंब. तुमच्या पत्रात पहिल्या मजल्याचा स्लॅब १४ तारखेला न भरला जाण्याचे सगळे कारण ड्रॉइंगवर टाकले आहे आणि १५ दिवसांची मुदतवाढ मागितली आहे. हे मला मान्य नाही. क्वेरी १२ तारखेची आहे. ८ तारखेच्या साप्ताहिक अहवालात, ज्यावर तुमच्या इंजिनियरची सही आहे, स्लॅबचे शटरिंग ६० टक्केच झाले होते, प्रॉप कमी पडत होते आणि फिटरची टोळी दुसऱ्या साइटवर गेली होती. काल मी पाहिले तेव्हाही उत्तरेकडच्या दोन पॅनलला प्लाय लागलेला नव्हता, त्या भागाचा जिन्याशी काहीही संबंध नाही. जिन्याच्या बीममध्ये डॉवेल सोडून स्लॅब स्वतंत्रपणे भरता येतो, आणि तुमच्याच मूळ बार चार्टमध्ये तो तसाच धरला होता.

म्हणून १२ ते १९ नोव्हेंबर हे सात दिवस फक्त जिना आणि त्यावर अवलंबून असलेल्या कामांसाठी द्यावेत, अशी शिफारस मी आज मालकांना केली आहे. ते दिवस तुमच्या खात्यावर पडणार नाहीत. स्लॅबच्या उशिरासाठी मुदतवाढीची शिफारस मी करू शकत नाही. करारातल्या दंडाच्या कलमाचे काय करायचे हे मालक ठरवतील. स्लॅब २६ तारखेला भरला गेला तर पुढच्या कामांत हा उशीर भरून निघू शकतो, असे मी त्यांना कळवले आहे.

२६ साठी मला २१ तारखेपर्यंत सुधारित बार चार्ट हवा, त्यात फिटर आणि सुतारांची रोजची संख्या लिहिलेली. २४ ला संध्याकाळपर्यंत सळ्या बांधून तयार ठेवा, २५ ला सकाळी स्ट्रक्चरल इंजिनियर आणि मी तपासणीला येऊ. आमची सही झाल्याशिवाय काँक्रीटची गाडी मागवू नका.

आणि वेळ भरून काढायचा म्हणून प्रॉप लवकर काढण्याचा विचार कृपया कोणी करू नये. साडेचार मीटरपर्यंतच्या स्पॅनला ७ दिवस, त्याहून मोठ्याला १४, हे स्पेसिफिकेशनमध्ये आहे आणि हॉलचा पॅनल मोठा आहे.

यापुढे दोन ड्रॉइंगमध्ये फरक दिसला तर स्केल लावून माप काढू नका आणि मुकादमांच्या अंदाजावर जाऊ नका. त्या भागाचे काम थांबवा, बाकीचे चालू ठेवा, आणि त्याच दिवशी लिहून कळवा. फोनवर मी जे सांगेन तेही ईमेलने पक्के झाल्यावरच करा.

नवी ड्रॉइंग मिळाल्याची पोच आज द्या. काही शंका असेल तर उद्या सकाळी ११ वाजता मी साइटवर आहे, तेव्हा तुम्ही स्वतः थांबलात तर बरे होईल.

आपली,
मेधा
प्रकल्प आर्किटेक्ट