चुकीची दुरुस्ती : पाणी सर्वेक्षणातील प्रश्न १८

१६ जून २०२५

माण आणि खटाव तालुक्यांतील १४ गावांमध्ये एप्रिल महिन्यात झालेल्या पाणी सर्वेक्षणात ज्या ६४० घरांनी माहिती दिली, त्या सर्वांना नमस्कार.

तुम्हाला दिलेल्या प्रश्नावलीतला एक प्रश्न आमच्याकडून चुकीचा छापला गेला. चूक फक्त पिवळ्या मुखपृष्ठाच्या पुस्तिकांमध्ये आहे. पांढऱ्या पुस्तिका बरोबर आहेत. तुमच्या घरी कोणती पुस्तिका भरली गेली ते पोचपावतीवरून कळेल : पावतीच्या क्रमांकाआधी ‘पि’ असेल तर पिवळी, ‘पां’ असेल तर पांढरी. पावती हरवली असली तरी काळजी करू नका, घरांची यादी आमच्याकडे आहे.

नेमकं काय चुकलं

प्रश्न १८ असा विचारायचा होता : ‘पाणी आणायला घरातून निघाल्यापासून, नंबर लागून, भांडं भरून परत घरी येईपर्यंत एका खेपेला एकूण किती मिनिटं लागतात?’

पिवळ्या पुस्तिकेत छापला गेला तो असा : ‘पाणी भरण्याच्या ठिकाणापर्यंत जायला किती मिनिटं लागतात?’

वाचायला दोन्ही सारखेच वाटतात, म्हणूनच ही चूक आमच्या नजरेतून सुटली. पण त्यांची उत्तरं किती वेगळी येतात हे तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त माहीत आहे. समजा हापशापर्यंत जायला ८ मिनिटं लागतात. तिथे नंबर यायला ४० मिनिटं जातात, हंडा आणि कळशी भरायला ५, आणि डोक्यावर भरलेला हंडा घेऊन चढ चढत परत यायला १२. ही खेप झाली ६५ मिनिटांची. पिवळ्या पुस्तिकेने विचारलं त्याप्रमाणे मात्र उत्तर येतं ८. दिवसाला चार खेपा धरल्या तर एकीकडे ४ तास २० मिनिटं आणि दुसरीकडे जेमतेम अर्धा तास. म्हणजे त्या घरातल्या बाईची अख्खी सकाळ आमच्या कागदावरून पुसली गेली.

हा फरक आम्हाला इतका महत्त्वाचा का वाटतो, तेही सांगतो. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ मिळून जगभरच्या पिण्याच्या पाण्याची जी मोजणी करतात, तिच्यात ३० मिनिटांची एक रेघ आहे. सुरक्षित बांधणीच्या ठिकाणाहून, रांगेचा वेळ धरून, जाऊन-येऊन ३० मिनिटांच्या आत पाणी मिळत असेल तर ती सोय ‘मूलभूत’ धरतात. त्याहून जास्त वेळ लागत असेल तर तीच सोय ‘मर्यादित’ ठरते. आमची मोजणीही याच रेघेवर बेतलेली आहे. वरच्या उदाहरणातलं घर चुकीच्या प्रश्नामुळे रेघेच्या आत येऊन बसतं आणि त्या वाडीत पाण्याची अडचणच नाही असं कागद सांगू लागतो.

चूक कशी झाली आणि कशी सापडली

नोव्हेंबरमध्ये एका वाडीवर आम्ही प्रश्नावली करून पाहिली होती. तेव्हाच तिथल्या बायकांनी ‘जायचं काय विचारता, नंबरचं विचारा’ असं सांगितलं आणि आम्ही प्रश्न बदलला. पांढऱ्या पुस्तिका बदललेल्या मसुद्यावरून छापल्या. त्या कमी पडल्या म्हणून एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आणखी पुस्तिका छापून घेतल्या, तेव्हा छपाईला जुना मसुदा गेला. तो आम्हीच पाठवला होता. छापून आलेली प्रत गावात नेण्याआधी ओळीने ओळ वाचून घ्यायला हवी होती, ती आम्ही वाचली नाही. छापखान्याचा किंवा घरोघरी फिरलेल्या प्रगणकांचा यात काहीही दोष नाही.

माहिती संगणकात भरताना एकाच वाडीतल्या, एकाच आडाचं पाणी भरणाऱ्या शेजारच्या दोन घरांची उत्तरं समोर आली : एकाचं १० मिनिटं, दुसऱ्याचं ७०. आधी वाटलं आकडा लिहिताना गफलत झाली. मग दोन्ही पुस्तिका टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. १० लिहिलेल्या पिवळ्या पुस्तिकेत चौकटीच्या बाहेर, समासात, पेन्सिलीने बारीक अक्षरात एक ओळ होती : ‘जायला १०, नंबरला तास जातो असं म्हणतात.’ त्या ताईंनी विचारलं त्याचं उत्तर दिलं आणि न विचारलेलंही सांगितलं. आमच्या प्रगणकाने ते लिहून ठेवलं. चूक त्या एका ओळीमुळे सापडली. दोघांचेही आभार मानावेत तेवढे थोडे आहेत.

कोणती उत्तरं बाद, कोणती कायम

२८८ घरांची माहिती पिवळ्या पुस्तिकेत आहे. त्यातल्या ७१ घरांत पाणी घरात किंवा अंगणात नळाने येतं. त्यांना प्रश्न १८ विचारायचाच नव्हता, ते थेट प्रश्न २१ वर गेले. त्यांचं काहीच बदलत नाही. उरलेल्या २१७ घरांची प्रश्न १८ ची उत्तरं आम्ही मोजणीतून काढली आहेत.

प्रश्न २० चंही तेच. पाण्यासाठी रोज जाणारे एकूण तास त्या चौकटीत लिहिलेले आहेत. पण तो आकडा तुम्ही सांगितलेला नव्हता. प्रगणकाने १८ मधली मिनिटं आणि १९ मधल्या खेपा यांचा गुणाकार करून तो लिहिला होता. मिनिटंच चुकली म्हटल्यावर तासही चुकले. प्रश्न १९, म्हणजे पाणी कोण भरतं आणि दिवसाला किती खेपा होतात, याचं उत्तर मात्र जसंच्या तसं ग्राह्य आहे.

माणशी रोजचं पाणी, टँकरचे दिवस, साठवणीची भांडी, जनावरांचं पाणी, पाण्यावर होणारा खर्च हे सगळे प्रश्न दोन्ही पुस्तिकांत एकसारखेच आहेत. ज्या घरांनी तपासणीसाठी पाण्याच्या बाटल्या भरून दिल्या, त्यांच्या अहवालाचाही या चुकीशी संबंध नाही.

काहींनी विचारलं की उत्तराची दुप्पट का करत नाही, जायला तेवढंच यायला. दुप्पट केली तर वरच्या उदाहरणात १६ मिनिटं येतील. नंबर त्यात धरलाच जात नाही आणि भरल्या हंड्याचा परतीचा रस्ता रिकाम्या हंड्याइतका हलका नसतो. अंदाजाने आकडा घालणं आम्हाला मान्य नाही. काही प्रगणकांनी छापलेलं न वाचता प्रशिक्षणात शिकवलेला बरोबर प्रश्न तोंडी विचारला असेल, हेही शक्य आहे. पण कोणी काय विचारलं हे कागदावरून ठरवता येत नाही, म्हणून २१७ घरांना सरसकट पुन्हा विचारायचं ठरवलं आहे.

आता पुढे काय

२४ जून ते ५ जुलै या दिवसांत आमचे प्रगणक या २१७ घरी पुन्हा येतील. शक्यतो एप्रिलमध्ये आले होते तेच येतील. ओळखपत्र आणि तुमची मूळ पुस्तिका त्यांच्याजवळ असेल. विचारायचा आहे फक्त प्रश्न १८, बरोबर शब्दांत. नवीन उत्तरावरून प्रश्न २० चा हिशेब तुमच्यासमोर मांडतील आणि वाचून दाखवतील. दहा मिनिटांच्या वर वेळ घेणार नाहीत. पेरणीची घाई आहे हे आम्ही जाणतो, म्हणून फेरी संध्याकाळी ६ नंतर ठेवली आहे. रानात असाल तर बांधावर येऊन विचारू. वारीला गेलेल्या घरांसाठी आषाढी एकादशीनंतर, ८ ते १६ जुलै, दुसरी फेरी आहे.

एक विनंती आहे. यंदा मे महिन्यातच जोरदार पाऊस झाला आणि पाण्याची परिस्थिती बदलली. आम्हाला आजची नव्हे, तेव्हाची खेप हवी आहे. गुढीपाडवा ते अक्षय तृतीया, म्हणजे ३० मार्च ते ३० एप्रिल, या महिन्यातला नेहमीचा दिवस डोळ्यांसमोर आणा आणि तेव्हा पाणी भरायला जे जात होतं, त्यांनाच उत्तर देऊ द्या. एप्रिलमध्ये काही घरांत पुरुषांनी उत्तरं दिली होती. या प्रश्नापुरतं, पाणी सून भरत असेल तर सुनेला विचारू द्या, मुलगी भरत असेल तर आईसमोर मुलीला.

जुनं उत्तर खोडून टाकणार नाही. त्यावर एक आडवी रेघ मारून, शेजारी नवीन उत्तर, तारीख आणि प्रगणकाची सही येईल. नवीन पोचपावती तुमच्या हातात मिळेल.

पुन्हा उत्तर द्यायचं नसेल तर तसं सांगा, कारण विचारणार नाही. तुमची बाकीची उत्तरं कायम राहतील, फक्त १८ आणि २० या दोन चौकटी रिकाम्या ठेवू. अहवालात अशा किती चौकटी रिकाम्या राहिल्या तेही लिहू. उत्तर दिलं किंवा नाही दिलं, तरी टँकर, रेशन, घरकुल किंवा इतर कोणत्याही योजनेच्या यादीवर त्याचा परिणाम होत नाही. तुमची नावं आम्ही कोणालाही देत नाही. प्रगणक आधार क्रमांक, बँकेची माहिती किंवा मोबाइलवरचा ओटीपी मागणार नाहीत. तसं कोणी मागितलं तर तो आमचा माणूस नव्हे. त्याला काही सांगू नका आणि आम्हाला लगेच कळवा.

१ मेच्या ग्रामसभेत वाचलेले आकडे

चार गावांत १ मेच्या ग्रामसभेत आम्ही पहिला गोषवारा वाचून दाखवला होता. त्यात ‘पाणी आणायला लागणारा सरासरी वेळ’ असा एक आकडा होता. तो चुकीच्या उत्तरांवर काढलेला होता आणि प्रत्यक्षापेक्षा बराच कमी होता. तो आम्ही मागे घेत आहोत. या चारही ग्रामपंचायतींना तसं लेखी पत्र दिलं आहे आणि फलकावर लावलेला जुना कागद काढून त्या जागी ही सूचना लावली आहे. त्या आकड्याचा हवाला देऊन कोणी अर्ज किंवा ठराव केला असेल, तर आम्हाला सांगा. दुरुस्तीचं पत्र आम्ही स्वतः त्या कार्यालयात नेऊन देऊ.

अंतिम अहवाल ३० जूनला द्यायचं कबूल केलं होतं, ते आता जमणार नाही. दुरुस्त आकड्यांचा अहवाल १५ ऑगस्टच्या ग्रामसभेत सर्व १४ गावांत वाचून दाखवू आणि ही चूक काय होती तेही त्यात पहिल्याच पानावर असेल.

एप्रिलच्या उन्हात, कामं बाजूला ठेवून तुम्ही आम्हाला तासभर दिला होता. आमच्या निष्काळजीपणामुळे तुम्हाला पुन्हा त्रास होतो आहे, याबद्दल आम्ही मनापासून माफी मागतो.

काही विचारायचं असेल तर पोचपावतीच्या मागच्या बाजूला छापलेल्या क्रमांकावर सकाळी ९ ते रात्री ८ या वेळेत फोन करा. तुम्ही ‘मिस्ड कॉल’ दिलात तरी त्याच दिवशी आम्ही उलट फोन करू. ज्यांना ही सूचना वाचता येत नाही, त्यांना शेजारच्यांनी कृपया वाचून दाखवावी.

पाणी सर्वेक्षण गटाच्या वतीने
सर्वेक्षण प्रमुख, दहिवडी