महेश बाळासाहेब चौगुले
पाचगाव, ता. करवीर, जि. कोल्हापूर. मोबाईल व ईमेल सोबतच्या अर्जावर.

अर्ज कोणत्या कामासाठी
व्हेंडर डेव्हलपमेंट किंवा मशीन शॉप सुपरवायझर. सीएनसी टर्निंगचा १८ वर्षांचा अनुभव, त्यापैकी जवळपास ११ वर्षे स्वतःचे युनिट. जॉबवर्क करणाऱ्याचा दर कशाने वाढतो आणि माल कुठे अडकतो, हे त्याच्या बाजूने पाहिलेले आहे.

मालक, सीएनसी जॉबवर्क युनिट, शिरोली एमआयडीसी (ऑगस्ट २०१३ ते मार्च २०२४)
दोन मशीनपासून चारपर्यंत वाढ, सात कामगार, दोन पाळ्या, एका ऑपरेटरकडे दोन मशीन. २०२२-२३ ची उलाढाल ८२ लाख रुपये. ईएन ८ आणि ईएन १९ चे बुश, फ्लँज, पंपाचे शाफ्ट.

४० मिमी बोअरच्या बुशमध्ये रिजेक्शन ४.५ टक्के होते. जॉब गरम असतानाच मोजला जाई, बोअर मोठा दिसे, ऑपरेटर ऑफसेट कमी करी आणि थंड झाल्यावर बोअर लहान भरे. जॉब १५ मिनिटे थंड करून मगच बोअर गेज लावणे, कूलंट रिफ्रॅक्टोमीटरने ६ ते ८ टक्के राखणे आणि इन्सर्टची कड १२० नगांनंतर बदलणे, एवढ्यावर रिजेक्शन १.३ टक्क्यांवर आले.

कोटेशन स्वतः काढत असे: सायकल टाइम, लोडिंग, सेटिंगचा वेळ बॅचवर विभागून, टूलिंग व रिजेक्शन धरून. चलन, जीएसटी रिटर्न, बँकेचे स्टेटमेंटही स्वतःकडेच.

युनिट बंद करण्याचे कारण
६५ टक्के काम एकाच ग्राहकाचे होते. त्यांनी तो भाग घेणे थांबवले, आधीची बिले ११० दिवस थकली आणि मशीनचा हप्ता दरमहा १.६५ लाख होता. नवे कर्ज न काढता मशीन विकून बँकेचे कर्ज पूर्ण फेडले. कामगारांचा पगार व बोनस चुकता केला, जीएसटी नोंदणी रद्द करून GSTR-10 भरले. कोणाचेही देणे बाकी नाही. बँकेचे ना-हरकत पत्र दाखवता येईल.

त्याआधीची नोकरी (२००६ ते २०१३)
गोकुळ शिरगाव येथील ऑटो पार्ट कारखान्यात ऑपरेटर, पुढे सेटर-प्रोग्रामर.

काय येते
फानुक कंट्रोलवर हाताने प्रोग्रामिंग (G71, G76), सॉफ्ट जॉ बोअरिंग, पहिल्या नगाची तपासणी, कंट्रोल प्लॅन, एक्सेल. सीएमएम स्वतः चालवलेले नाही, रिपोर्ट वाचता येतो.

शिक्षण
डिप्लोमा, मेकॅनिकल, २००६.

रुजू होणे व पगार
आठवड्याभरात रुजू होऊ शकतो. कोल्हापूर, सांगली किंवा पुणे चालेल. पाळीची अडचण नाही. अपेक्षा दरमहा ४५,००० रुपये. वरिष्ठ माझ्यापेक्षा वयाने लहान असले तरी हरकत नाही. नोकरीत असताना स्वतःचे जॉबवर्क करणार नाही, तसे लेखी देण्याची तयारी आहे.